वाढलेले नाणेही मागे असू शकते : बिटकॉइनच्या मोजपट्टीवर आभासी चलनांची क्रमवारी

आभासी चलनाच्या बाजारात बिटकॉइन वर गेले की बहुतेक लहान नाणीही वर जातात आणि ते घसरले की तीही घसरतात. त्यामुळे एखादे नाणे डॉलरमध्ये वाढले एवढ्यावरून ते बलवान ठरत नाही. ती वाढ प्रवाहाबरोबर वाहत गेल्याचीही असू शकते. म्हणूनच शेकडो नाण्यांची दर आठवड्याला छाननी करणारे अभ्यासक डॉलर बाजूला ठेवून बिटकॉइनलाच मोजपट्टी मानतात.

रीत सोपी आहे. समजा, बारा आठवड्यांपूर्वी बिटकॉइन 50,000 डॉलर होते आणि आज 60,000 आहे, म्हणजे ते 1.20 पट झाले. त्याच काळात एक नाणे 10 डॉलरवरून 11 डॉलरवर गेले, म्हणजे 1.10 पट झाले. 1.10 ला 1.20 ने भागल्यास 0.917 येतात. डॉलरमध्ये दहा टक्के वाढलेले हे नाणे बिटकॉइनच्या तुलनेत आठ टक्क्यांहून अधिक मागे पडले आहे. दुसरे नाणे 4 वरून 6 डॉलरवर गेले असेल, तर 1.50 भागिले 1.20 म्हणजे 1.25, ते पंचवीस टक्के पुढे आहे. येथे वजाबाकी करू नये. पन्नासातून वीस वजा केल्यास तीस टक्के असे फसवे उत्तर येते.

हाच हिशेब एक, चार आणि बारा आठवड्यांसाठी केला जातो. मात्र या टक्केवारीची थेट सरासरी काढली, तर एका आठवड्यात तिप्पट झालेले एखादे नाणे सारी यादी झाकोळून टाकते. म्हणून प्रत्येक कालखंडात नाण्याने शंभरांपैकी किती नाण्यांना मागे टाकले तो क्रमांक घ्यायचा आणि या तीन क्रमांकांची सरासरी काढायची. 98, 60 आणि 30 असे क्रमांक असलेले नाणे सुमारे 63 वर थांबते. 70, 85 आणि 88 असलेले 81 वर पोहोचते. पहिल्यात ताजी उसळी आहे, दुसऱ्यात टिकून राहिलेले बळ.

या पद्धतीत एक छुपी चूक राहते. बारा आठवड्यांच्या कालखंडात शेवटचा आठवडाही मोडतो. अकरा आठवडे बिटकॉइनच्या बरोबरीने चाललेले नाणे शेवटच्या आठवड्यात चाळीस टक्के पुढे गेले, तर तिन्ही कालखंडांत चाळीस टक्केच दिसतात. एकाच घटनेला तीनदा गुण मिळतात आणि नाणे सातत्याने बलवान असल्याचा भास होतो. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे दिसले की ही शंका घ्यावी. उपाय असा : कालखंड एकमेकांवर न पडता ठेवावेत. शेवटचा आठवडा, त्यामागचे तीन आठवडे आणि त्याहीमागचे आठ आठवडे वेगवेगळे मोजल्यास त्या नाण्याचे खरे रूप उघडे पडते.

डॉलरशी बांधलेल्या टेथरसारख्या नाण्याचे काय? बिटकॉइन वीस टक्के घसरले की टेथर काहीही न करता पंचवीस टक्के 'बलवान' ठरते. ते उमेदवारांत धरू नये. पण यादीत खूण म्हणून जरूर ठेवावे. त्याच्या वर असलेली नाणीच त्या काळात डॉलरमध्ये वाढलेली असतात. टेथर यादीच्या माथ्याजवळ पोहोचले असेल, तर त्याच्या खालची 'बलवान' नाणी केवळ बिटकॉइनपेक्षा कमी पडलेली आहेत, हे ध्यानात घ्यावे.

किमतीतील कृत्रिम बदलही तपासावे लागतात. 2020 मध्ये शंभर लेंड नाण्यांच्या बदल्यात एक आवे नाणे देण्यात आले. दोन्हींची जुनी-नवी किंमत दुरुस्ती न करता जोडली, तर शंभरपट वाढीचे भूत यादीच्या शिखरावर बसते.

क्रमवारीची सर्वांत मोठी मर्यादा लुनाने दाखवली. नोव्हेंबर 2021 मध्ये सुमारे 69,000 डॉलर असलेले बिटकॉइन एप्रिल 2022 पर्यंत बरेच खाली आले होते. लुना मात्र त्याच महिन्यात 119 डॉलरच्या आसपास उच्चांकावर होते. सापेक्ष बळाच्या कोणत्याही यादीत ते वरच दिसले असते. मे महिन्यात काही दिवसांतच ते जवळजवळ शून्य झाले. क्रमवारी मागची चाल सांगते; नाण्याच्या रचनेतील तडा तिला दिसत नाही.

भारतात आणखी एक हिशेब जोडावा लागतो. एक नाणे देऊन दुसरे घेणे हेही हस्तांतरण मानले जाते. नफ्यावर 30 टक्के कर लागतो, एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि ठरावीक मर्यादेपुढील व्यवहारांवर एक टक्का कर उगमस्थानी कापला जातो. दर आठवड्याला यादीप्रमाणे नाणी बदलणाऱ्याचे कागदावरचे यश येथेच झिजते. म्हणून ही यादी खरेदीचा आदेश नसून, पुढे काय तपासावे याची निवड करण्याचे साधन होय.