की-फ्रेम पाहून कापा

दोन तासांच्या मैफिलीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग आहे. सेकंदाला साधारण एक एमबी या हिशेबाने फाइल ७.२ जीबीची. त्यातला एकच राग हवा आहे, १२ मिनिटं ४० सेकंदांपासून ४१ मिनिटं १० सेकंदांपर्यंत. बहुतेक लोक हे काम व्हिडिओ एडिटरमध्ये करतात. एडिटर आधी प्रत्येक चित्र उलगडतो आणि मग सगळं नव्याने दाबून बसवतो. त्यात बराच वेळ जातो, आणि एकदा दाबलेलं चित्र पुन्हा दाबल्यामुळे त्यातले बारकावे थोडे पुसले जातात. नुसतं कापायचं असेल, तर या खटाटोपाची मुळीच गरज नाही.

एमपीफोर फाइलमध्ये चित्र आणि आवाज आधीच दाबलेल्या लहान तुकड्यांत साठवलेले असतात. हवे तेवढे तुकडे जसेच्या तसे उचलून नव्या फाइलमध्ये ठेवले, की काम झालं. चित्र उलगडावं लागत नाही, म्हणून दर्जा तोच राहतो. वेळ लागतो तो फक्त कॉपी करायला, आणि चांगल्या एसएसडीवर एवढी फाइल काही सेकंदांत होते. एफएफएमपेग हा मोफत प्रोग्रॅम हे करतो. कमांड लिहायची नसेल, तर त्याच्याच आधाराने चालणारं लॉसलेसकट हे खिडकी-बटणांचं सॉफ्टवेअरही मोफत मिळतं.

अडचण एकच आहे, पण ती नीट समजून घ्यायला हवी. व्हिडिओतली प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्र नसते. अधूनमधून एक संपूर्ण फ्रेम येते, तिला की-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, एवढंच नोंदलेलं असतं. त्यामुळे तुकड्याची सुरुवात की-फ्रेमवरच व्हावी लागते. मधूनच सुरू केलं, तर आवाज चालू होतो आणि चित्र मात्र काळं, गोठलेलं किंवा चौकोनाचौकोनांत फुटलेलं दिसतं. पुढची की-फ्रेम आली की ते सावरतं.

म्हणून आधी आपल्याला हव्या असलेल्या जागेच्या आसपासच्या की-फ्रेम शोधाव्यात:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -skip_frame nokey -read_intervals 12:30%12:50 -show_entries frame=pts_time -of csv=p=0 maifil.mp4
```

समजा, उत्तरात ७५४ आणि ७६४ हे सेकंद आले, म्हणजे १२:३४ आणि १२:४४. गायकाचा पहिला स्वर १२:४० ला आहे. १२:४४ घेतलं तर आलाप तुटेल. म्हणून १२:३४ घ्यावं. सुरुवातीला सहा सेकंद तानपुरा जास्तीचा ऐकू येईल, आणि माझ्या मते मैफिलीच्या रेकॉर्डिंगला ते शोभतंच. वेळ की-फ्रेमच्या किंचित पुढची द्यावी, म्हणजे प्रोग्रॅम चुकून आधीच्या की-फ्रेमवर जात नाही:

```
ffmpeg -ss 00:12:34.1 -to 00:41:10 -i maifil.mp4 -c copy -avoid_negative_ts make_zero raag.mp4
```

यातलं `-c copy` महत्त्वाचं. ते राहून गेलं, तर सगळं पुन्हा एन्कोड होतं. आकारावरूनही अंदाज घेता येतो. साडेअठ्ठावीस मिनिटांचा तुकडा इथे साधारण १.७ जीबीचा व्हायला हवा. तो ५०० एमबीचाच निघाला, तर कुठेतरी पुन्हा दाबलं गेलं आहे.

शेवटाला की-फ्रेमचं बंधन नसतं. नुसत्या आवाजाच्या फाइलमध्येही ही अडचण जवळजवळ नाहीच, कारण ४४.१ किलोहर्ट्झच्या एमपीथ्रीचा एक तुकडा जेमतेम २६ मिलिसेकंदांचा असतो. फक्त एमपीथ्रीत एखादा तुकडा आपली काही माहिती आधीच्या तुकड्यांत ठेवू शकतो, म्हणून कापल्या जागी कधीकधी क्षणभर आवाज अडखळतो. स्वराच्या मध्ये न कापता शांत जागी कापलं, तर ते जाणवत नाही.

एक धोका मात्र गंभीर आहे. काही साधनं की-फ्रेमपासूनचा भाग फाइलमध्ये ठेवतात आणि अमुक सेकंदापासून दाखव, एवढी सूचना आत लिहितात. ती सूचना पाळणाऱ्या प्लेअरमध्ये आधीचा भाग दिसत नाही, पण फाइलमध्ये तो असतोच, आणि दुसरा प्लेअर तो दाखवूही शकतो. कुणाचं खासगी बोलणं किंवा फोन नंबर काढून टाकायचा असेल, तर त्या जागेनंतरच्या की-फ्रेमपासूनच सुरुवात करावी. तेवढं कापणं परवडत नसेल, तर त्या फाइलपुरतं पुन्हा एन्कोड करणंच योग्य.

या पद्धतीने आवाज वाढवता येत नाही, चित्रावर नाव टाकता येत नाही, हळूहळू अंधार करून शेवटही करता येत नाही. त्यासाठी चित्र किंवा आवाज उलगडावाच लागतो.

पुढच्या वेळी ओबीएससारख्या साधनाने रेकॉर्ड करणार असाल, तर सेटिंगमध्ये `Keyframe Interval` दोन सेकंद ठेवा. एक्स२६४ या एन्कोडरची मूळ मर्यादा २५० फ्रेमची असते, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दोन की-फ्रेममध्ये दहा सेकंदांपर्यंत अंतर पडतं. आणि कापलेल्या फाइलची सुरुवात व शेवट फोनवर आणि संगणकावर, दोन्हीकडे पाहिल्याशिवाय मूळ रेकॉर्डिंग पुसू नका.