47 वर संपणारा नंबर

गेल्या मे महिन्याच्या सर्वसाधारण सभेत मी पाच मिनिटं चहा आणायला म्हणून बाहेर गेले आणि परत आले तोवर क्लबची सहसचिव झालेली होते. आमचा गिर्यारोहण क्लब नाशिकचा. रविवारी रामशेज, ब्रह्मगिरी, वर्षातून एकदा हरिहर आणि हिवाळ्यात एखादा तीन दिवसांचा मोठा ट्रेक. हस्तांतरणात मला मिळालं ते असं: इतिवृत्ताच्या चार वह्या, लोखंडी कपाटाची किल्ली, दोन दोर, प्रथमोपचाराची पेटी आणि "ते अ‍ॅपचं पण बघ जरा" हे वाक्य.

अ‍ॅप 2019 सालचं. तेव्हा इंजिनिअरिंगला असलेल्या एका सदस्याने ते हौसेने करून दिलं होतं. ट्रेकला नाव नोंदवायचं, पैसे भरल्याची पावती टाकायची, आणि एकदा आपला रक्तगट व घरच्यांचा नंबर भरून ठेवायचा. त्यामुळे कुणी वाटेत घसरलं तर म्होरक्याला फोनवर एका बोटासरशी कळतं, कुणाच्या घरी कळवायचं. एवढंच अ‍ॅप, पण चालतं.

म्हणजे चालत होतं. नवे सदस्य सांगू लागले की त्यांच्या फोनवर ते सापडतच नाही. जुन्यांकडे मात्र व्यवस्थित सुरू. पुण्यात अ‍ॅप बनवण्याची नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने दोन मिनिटांत निदान केलं. "मावशी, अ‍ॅप म्हातारं झालंय." प्ले स्टोअरचा नियम असा, की अ‍ॅप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीला धरून बांधलंय ते दरवर्षी पुढे सरकवत राहावं लागतं. फार मागे राहिलं तर ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांचं बंद होत नाही, पण नव्या फोनवर शोधणाऱ्याला ते दिसेनासं होतं. आमचं अँड्रॉइड 9 च्या काळात थांबलेलं. उपाय अवघड नव्हता, नवी आवृत्ती बांधून चढवायची. त्यासाठी मालकाच्या खात्यात शिरावं लागतं. खातं क्लबच्या नावाने काढलेलं एक जीमेल.

"पासवर्ड कुणाकडे आहे?" असं मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, आणि ही माझी पहिली चूक. अर्ध्या तासात सात पासवर्ड आले. त्यातले चार कुठल्या ना कुठल्या किल्ल्याच्या नावापुढे @123 लावलेले. वाईट म्हणजे लोक सुचवून थांबले नाहीत. सिडको, पंचवटी, एक जण तर थेट दुबईहून, सगळ्यांनी आपापल्या फोनवर नशीब आजमावलं. संध्याकाळी मी बसले तेव्हा पडद्यावर उत्तर होतं: खूप वेळा प्रयत्न झाले आहेत, नंतर या.

भाचा वैतागला. त्याने समजावलं ते मला बँकेतल्या नोकरीमुळे चटकन पटलं. खातं विसरलेल्याला गूगल फक्त पासवर्ड विचारत नाही, माणूस ओळखायला बघतं. नेहमीचा फोन आहे का, नेहमीची जागा आहे का, आठवतो तो जुना पासवर्ड तरी जुळतो का, असे सगळे धागे ते एकत्र धरतं. अनोळखी सात फोनांवरून एकाच दुपारी चुकीचे पासवर्ड मारले, तर ते चोरांचं लक्षण दिसतं. आमच्या काउंटरवर सात माणसं पाठोपाठ एकाच खात्याची सही गिरवायला आली असती, तर मी काय केलं असतं?

दोन दिवस कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. मग मी एकटीने "पासवर्ड विसरलात?" वर टिचकी मारली. कोड पाठवण्यासाठी नोंदवलेला मोबाईल दिसला, पूर्ण नाही, शेवटचे दोन आकडे: 47. कपाटातल्या जुन्या पावतीपुस्तकांत, पत्रकांत, सगळीकडे शोधत बसले. 2019 च्या हरिहर ट्रेकच्या फलकाच्या फोटोत "चौकशीसाठी संपर्क" याखाली तो नंबर सापडला. क्लबनेच सिम घेतलं होतं. टाळेबंदीत ट्रेक बंद, चौकशी बंद, म्हणून रिचार्जही बंद.

नंबर लावला. पलीकडे लासलगावचे एक कांदा व्यापारी.

हे इथे नीट सांगायला हवं, कारण आपल्यापैकी बहुतेकांना ते ठाऊक नसतं. बंद झालेला मोबाईल नंबर आपल्या नावाने जपून ठेवला जात नाही. किमान 90 दिवस तो दुसऱ्या कुणाला देत नाहीत. त्यानंतर तो नव्या सिमबरोबर कुणाच्याही खिशात जाऊ शकतो. म्हणजे क्लबच्या मालकी खात्याची एक किल्ली इतके दिवस लासलगावात होती आणि त्या गृहस्थांना त्याचा पत्ताही नव्हता. नशीब आमचं.

मी त्यांना सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी चाचरत म्हटलं, "दादा, तुमच्या फोनवर एक कोड येईल, तेवढा सांगाल का?"

"ताई, ओटीपी कुणालाच देत नाही मी. बँकवाल्यांनी बजावून ठेवलंय." फोन ठेवला. मी स्वतः दिवसातून दहा ग्राहकांना हेच बजावते. त्यांनी कोड दिला नाही हेच बरं झालं, असं आता वाटतं. त्या दिवशी मात्र वाटलं नव्हतं.

उरले अण्णा. क्लबचे संस्थापक, वय 78. खातं त्यांनीच काढलेलं. त्यांच्याकडे 2019 ची डायरी होती आणि डायरीत पासवर्डही होता, पण तो चालत नव्हता; मध्ये कधीतरी बदललेला. अण्णा खट्टू झाले. भाचा फोनवर म्हणाला, "तो फेकू नकोस. जुना पासवर्डही ओळख पटवायला उपयोगी पडतो. आणि सगळं त्यांच्या घरी बसून, त्यांच्या वायफायवरून कर."

म्हणून शनिवारी सकाळी मी अण्णांच्या दिवाणखान्यात, त्यांच्याच लॅपटॉपवर. आठवणारा शेवटचा पासवर्ड विचारला, तिथे डायरीतला घातला. पडदा पुढे सरकला. इतक्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज: "अगं, माझ्या फोनवर काय आलंय बघ! कुणीतरी खातं परत मिळवायला बघतंय, ते तुम्हीच का, असं विचारतंय!"

काकूंचा तो फोन म्हणजे क्लबचा जुना फोन. ट्रेकच्या दिवशी हजेरी घ्यायला वापरायचे तो. सिम नाही, काचेला तडा, मिसळणाच्या डब्याशेजारी टेकवून ठेवलेला. काकू रोज सकाळी पोळ्या करताना त्यावर यूट्यूबला अभंग लावतात. आणि त्या फोनवर क्लबचं खातं पाच वर्षं उघडंच होतं, कुणी त्यातून बाहेर पडायची तसदीच घेतली नव्हती.

"काकू, 'हो' म्हणा! मग तीन आकडे दिसतील, त्यातला 62 दाबा!"

काकूंनी पिठाचा हात पदराला पुसला आणि 62 दाबला. मी नवा पासवर्ड घातला.

त्यांच्या अभंगांनी याहून मोठं काम केलं होतं, ते मला नंतर कळलं. दोन वर्षं ज्या वैयक्तिक खात्यात काहीच हालचाल नाही ते काढून टाकण्याचं धोरण गूगलने 2023 साली जाहीर केलं आणि त्या डिसेंबरपासून ते अमलातही आणायला घेतलं. हालचाल म्हणजे काय, तर मेल वाचणं, काही शोधणं, किंवा खात्यात राहून यूट्यूबचा व्हिडिओ बघणं. आमच्या खात्याचा मेल 2020 नंतर कुणी उघडलेला नव्हता. ते जिवंत ठेवलं ते काकूंनी.

आत शिरल्यावर काम संपलं असं मला वाटलं. भाचा म्हणाला, आता खरी परीक्षा. प्रत्येक अ‍ॅपवर बनवणाऱ्याची एक डिजिटल सही असते आणि ती सही करणारी गुप्त किल्ली एका फाइलमध्ये असते. नवी आवृत्ती त्याच सहीची नसेल तर फोन ती स्वीकारतच नाही. आमच्या बँकेत सहीचा नमुना असतो तसंच, पण इथे जुनी किल्ली हरवली तर नमुना बदलून द्यायची सोय नाही. ती फाइल बनवणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर होती. मुलगा आता जर्मनीत, लॅपटॉप कधीच भंगारात. अ‍ॅपचा मूळ कोड तेवढा त्याने मेलमध्ये जपला होता.

इथे दोन वाटा फुटतात. अ‍ॅप काढताना मूळ किल्ली गूगलकडे ठेवायला दिलेली असेल, तर आपल्याकडची फक्त चढवण्याची किल्ली हरवलेली असते, आणि खात्याच्या मालकाने विनंती केली की ती बदलून मिळते. दिलेली नसेल, तर अ‍ॅप तिथेच संपलं. नवं अ‍ॅप नव्या ओळखीने काढायचं आणि प्रत्येक सदस्याला ते पुन्हा उतरवून घ्यायला लावायचं. ऑगस्ट 2021 पासून नव्या अ‍ॅपना पहिली वाट सक्तीची आहे. आमचं त्याच्या आधीचं, म्हणून कन्सोलमध्ये सहीचं पान उघडून बघेपर्यंत जिवात जीव नव्हता. मुलाने तेव्हा न वाचताच 'पुढे' दाबलं होतं. किल्ली गूगलकडे होती. मालक म्हणून विनंती टाकली, दोनेक दिवसांत नवी किल्ली चालू झाली. पासवर्ड नुसता सापडून भागलं नसतं, विनंती मालकाच्या खात्यातूनच जावी लागते.

मग आवराआवर. सगळ्यात आधी तो 47 चा नंबर काढला. तरी धाकधूक होतीच, कारण नंबर बदलला तरी सात दिवसांपर्यंत कोड जुन्यावर पाठवण्याचा पर्याय गूगल देऊ शकतं. तो आठवडा मी रोज खातं उघडून बघत होते. नव्याने सचिवांचा मोबाईल आणि खजिनदारांचा ईमेल घातला, दोघे वेगळे, मुद्दाम. प्ले कन्सोलमध्ये मालक एकच राहतो, पण प्रशासक वाढवता येतात, तसे दोघे जोडले. रक्तगटाची माहिती जिथे साठते तिथे दुसरा मालकच नेमता येतो, तोही नेमला.

हे इतिवृत्तात लिहिताना अण्णा म्हणाले, "अगं, विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट देतो आपण. बँकेत सह्या बदलतो. हे कधी सुचलंच नाही." आता कार्यकारिणी बदलली की त्याच बैठकीत खात्यावरचा मोबाईल आणि ईमेल बदलायचा, असा ठराव झाला आहे.

दुहेरी पडताळणी सुरू केल्यावर खात्याला दहा राखीव कोड मिळतात, आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते छापून पाकिटात घालून लोखंडी कपाटात ठेवलेत. काकूंना विचारून त्यांच्या फोनवर आता त्यांचं स्वतःचं खातं टाकून दिलं. अभंग तेच आहेत.