लेबल वाचता येत नाही, तेव्हा

भिवंडीच्या पट्ट्यातल्या कुरिअर हबमध्ये खरी धावपळ रात्रपाळीत असते. दिवसभर गोळा झालेला माल गाड्यांतून उतरतो आणि उजाडायच्या आत गावोगावच्या गाड्या भरून सुटाव्या लागतात. स्कॅनरनं बारकोड वाचला की पडद्यावर रूट दिसतो आणि पार्सल त्या रूटच्या बॅगेत पडतं. त्याला काही सेकंद पुरतात. वेळ जातो तो लेबल वाचता न येणाऱ्या पार्सलांवर.

बरीचशी लेबलं थर्मल कागदावर छापलेली असतात. त्यात शाई नसते, उष्णतेनं कागदच काळा होतो. त्यामुळे ऊन किंवा सॅनिटायझर लागलं की अक्षरं फिकी पडतात. बारकोड गेला तरी खालचा आकडा शाबूत असेल, तर तो हातानं टाइप करून काम भागतं. तोही गेला, तर उरतो पत्ता.

समजा, पिन कोडचे पहिले तीन आकडे दिसतात : ४१६. नवखा माणूस पार्सल लगेच कोल्हापूरच्या बॅगेत टाकेल. पण सांगली ४१६४१६ आहे आणि सावंतवाडी ४१६५१०. घाटावरचं पार्सल कोकणात गेलं, तर परत यायला कित्येक दिवस लागतात. म्हणून इथं अंदाजानं बॅग ठरवायची नसते. पार्सल बाजूला ठेवायचं.

मग कामाला येते ती आलेल्या बॅगेची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट. यादीत चाळीस नग आहेत आणि एकोणचाळीस स्कॅन झाले, तर उरलेला नंबर बहुधा याच पार्सलचा. दोन नंबर उरले, तर पार्सल काट्यावर ठेवून बुकिंगच्या वजनाशी ताडून पाहतात. एकाचं वजन ४०० ग्रॅम आणि दुसऱ्याचं दोन किलो असेल, तर प्रश्न तिथंच सुटतो. दोन्ही सारखीच निघाली, तर सुपरवायझरसमोर, कॅमेऱ्याखाली खोकं उघडून आतलं बिल बघतात. खात्री पटल्यावरच नवं लेबल लागतं, तेही जुनं न झाकता, म्हणजे पुढे वाद झाला तर दोन्ही पडताळता येतात.

फुटलेल्या खोक्यालाही काटा आधी, चिकटपट्टी नंतर. वजन बुकिंगपेक्षा कमी भरलं, तर फोटो आणि नोंद झाल्याशिवाय ते बांधायचं नाही. एकदा बांधलं की माल कुठं कमी झाला हे शोधणं अवघड होतं. तेल किंवा लोणचं गळत असेल, तर ते सगळ्यांत आधी वेगळं काढतात, नाहीतर बॅगेतल्या बाकीच्या लेबलांचीही वाट लागते.

हे सगळं होईपर्यंत त्या रात्रीची गाडी अनेकदा सुटलेली असते.

तेव्हा पार्सल पाठवताना जुन्या खोक्यावरचं आधीचं लेबल पूर्ण काढा, नवं लेबल खोक्याच्या कडेवर दुमडू नका आणि खोक्याच्या आत एका चिठ्ठीवर घेणाऱ्याचं नाव, पिन कोड आणि फोन नंबर बॉलपेननं लिहून ठेवा.