शेअरची सावली

समजा, एक शेअर 1000 रुपयांवर आहे. महिन्याभराने तो 800 रुपयांना घेण्याचा हक्क देणारा कॉल ऑप्शन 207 रुपयांना मिळतो. यातले 200 रुपये आजच वसूल आहेत, वरचे सात काळाचे. त्यातलाही मोठा वाटा म्हणजे न गुंतवलेल्या 800 रुपयांवरचे महिन्याचे व्याज.

महिन्यात शेअर 800 च्या खाली जाण्याची शक्यता फारच कमी. म्हणून शेअर 20 रुपये वाढला की हा ऑप्शनही साधारण 19-20 रुपये वाढतो. पडतानाही तसाच पडतो. या प्रमाणालाच डेल्टा म्हणतात. इथे तो एकच्या जवळ आहे. 1000 चा कॉल मात्र जेमतेम दहा रुपये हलेल.

फायदा? पाचव्या हिश्शाच्या पैशांत जवळपास शेअरइतकीच चाल मिळते आणि शेअर 600 वर कोसळला तरी नुकसान 207 वर थांबते. पण शेअर 20 टक्के पडला, तर हे सगळे पैसे जाऊ शकतात! लाभांशही मिळत नाही.

खरी अडचण गिऱ्हाइकाची. खरेदीला 203, विक्रीला 211 असे भाव दिसले, तर 500 शेअरच्या लॉटवर चार हजारांची तफावत पडते. शिवाय राष्ट्रीय शेअर बाजारात शेअरवरच्या ऑप्शनचा निपटारा प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होतो. मुदतीपर्यंत सौदा मोडला नाही, तर खात्यात चार लाख रुपये तयार हवेत.