सरासरी की क्रम? लहान वर्गांच्या गुणांची तुलना

ध्वनिलेखनासारख्या विषयाची परीक्षा घेतली असता गुणांचे वितरण सममित येणे विरळाच. बहुतेक विद्यार्थी खालच्या गुणांत दाटीने आढळतात, आणि ज्याचा कान आधीच तयार झालेला आहे असा एखादाच इतरांना फार मागे टाकून वर जातो. त्यातच पदव्युत्तर वर्गांची विद्यार्थिसंख्या पाच-सहा इतकी अल्प असते. अशा दोन तुकड्यांपैकी कोणती सरस, हे सरासरीवरून ठरवू गेल्यास काय घडते आणि त्याऐवजी क्रमांकांच्या बेरजेची कसोटी कशी लावावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचनासाठी पुढील गुण कल्पिले आहेत. परीक्षा शंभर गुणांची आहे.

क तुकडी (५ विद्यार्थी): ६, ८, ९, ११, १५
ख तुकडी (६ विद्यार्थी): १०, १४, १८, २१, २४, ९३

क तुकडीची सरासरी ९.८ असून ख तुकडीची ३० आहे. म्हणजे अंतर २०.२ गुणांचे. दोन्ही तुकड्यांचे विचलन एकत्र करून या अंतराची प्रमाण-त्रुटी काढली तर ती सुमारे १४.२ येते, आणि 'टी'चे मूल्य १.४२ मिळते. ९ मुक्तिमात्रांना पाच टक्के पातळीवर २.२६ हे मूल्य आवश्यक असल्याने, तुकड्यांत भेद आहे असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही, असा निर्णय या कसोटीने द्यावा लागतो.

आता ख तुकडीतील ९३ गुणांच्या जागी २७ गुण घालून पाहावे. सरासरीचे अंतर ९.२ इतके खाली येते. परंतु प्रमाण-त्रुटीही ३.१७ पर्यंत उतरते आणि 'टी'चे मूल्य २.९० होते. म्हणजे ख तुकडीतील सर्वोत्तम विद्यार्थ्याचे गुण ६६ ने घटविताच ती तुकडी सरस असल्याचा पुरावा बळकट ठरला! या विसंगतीचे कारण उघड आहे. दूर पडलेला एक गुणांक सरासरीला ओढतो खरा, पण विचलनात त्याच्या अंतराचा वर्ग मिसळत असल्याने तो विचलनाला त्याहूनही अधिक फुगवितो. नमुना मोठा असता तर एका विद्यार्थ्याचा हा प्रभाव विरून गेला असता. सहा जणांत तो विरत नाही.

या अडचणीतून वाट काढण्यासाठी गुण बाजूला ठेवून केवळ त्यांचा क्रम घ्यावा. दोन्ही तुकड्यांतील अकरा विद्यार्थी एकाच ओळीत, सर्वांत कमी गुणांपासून आरंभ करून मांडले म्हणजे क तुकडीच्या वाट्याला १, २, ३, ५ व ७ हे क्रमांक येतात आणि ख तुकडीला ४, ६, ८, ९, १० व ११. क ची बेरीज १८ आणि ख ची ४८. दोहोंची मिळून ६६ होते, आणि १ ते ११ यांची बेरीजही तितकीच असल्याने मांडणीत चूक नाही याची खात्री पटते. अकराव्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला ९३ गुण असोत वा २७, या बेरजा बदलत नाहीत.

ही रीत फ्रँक विल्कॉक्सन यांनी १९४५ साली समान आकाराच्या गटांसाठी मांडली. १९४७ साली मान व व्हिटनी यांनी असमान गटांसाठी तिचा विस्तार केला. तिचा तर्क साधा आहे. तुकड्यांत मुळीच भेद नाही असे गृहीत धरल्यास अकरा क्रमांकांपैकी कोणतेही पाच क तुकडीकडे येण्याचा संभव सारखाच असतो. अकरांतून पाच निवडण्याचे प्रकार ४६२ आहेत, आणि क ची सरासरी अपेक्षित बेरीज ३० आहे. यांपैकी किती प्रकारांत बेरीज १८ किंवा त्याहून कमी येते, ते हातानेच मोजता येते. १५ ही बेरीज एका प्रकाराने येते (१, २, ३, ४, ५), १६ ही एका प्रकाराने (१, २, ३, ४, ६), १७ ही दोन प्रकारांनी (१, २, ३, ४, ७ आणि १, २, ३, ५, ६), आणि १८ ही तीन प्रकारांनी (१, २, ३, ४, ८, १, २, ३, ५, ७, १, २, ४, ५, ६). एकूण प्रकार सात. कोणती तुकडी सरस ठरेल हे आपण आधी सांगितलेले नसल्याने दुसऱ्या टोकाचेही सात धरावयाचे. ४६२ पैकी १४, म्हणजे ०.०३० ही संभाव्यता झाली. ती पाच टक्क्यांहून कमी आहे.

या निष्कर्षाचा अर्थ मात्र नेमका करावयास हवा. क मधील प्रत्येक विद्यार्थ्याची ख मधील प्रत्येकाशी जोडी लावली तर तीस जोड्या होतात, आणि त्यांपैकी सत्तावीस जोड्यांत ख चा विद्यार्थी वरचढ आहे. कसोटी बोलते ती या ०.९ प्रमाणाविषयी. दोन्ही वितरणांचा आकार सारखा असून फक्त स्थान बदललेले असेल, तरच तिला मध्यगांच्या अंतराची कसोटी म्हणता येईल. येथे ख चे गुण क पेक्षा कितीतरी अधिक विखुरलेले आहेत. म्हणून मध्यगा ९ आणि १९.५ असल्या तरी 'मध्यगांतील भेद सिद्ध झाला' असे लिहिणे योग्य नव्हे. तसेच, प्रश्न मुळात सरासरी गुणांचाच असेल तर क्रमांक त्याचे उत्तर देत नाहीत.

व्यवहारात वारंवार आढळणारी अडचण समान गुणांची होय. ख मधील १४ च्या जागी १५ असते तर सहावा व सातवा हे क्रमांक वाटून घेऊन दोघांनाही ६.५ द्यावे लागले असते, आणि क ची बेरीज १७.५ झाली असती. अशा वेळी छापील कोष्टक तंतोतंत लागू पडत नाही. याच क्रमांकांवरून पुन्हा मोजणी करावी लागते. ती केली असता खालच्या टोकाला पाच आणि वरच्या टोकाला चार प्रकार मिळतात. दोन्ही टोके सारखी नसल्याने एका टोकाची संख्या दुप्पट करणेही येथे चुकीचे ठरते. संगणकाकडून उत्तर घेताना ते प्रत्यक्ष मोजणीने काढले आहे की मोठ्या नमुन्यांना साजेशा प्रसामान्य वितरणाच्या अंदाजाने, हे अवश्य पाहावे.

शेवटी दोन मर्यादा सांगावयास हव्यात. पहिली संख्येची. प्रत्येकी तीन विद्यार्थी असल्यास क्रमवाटपाचे प्रकार अवघे वीस होतात. एका तुकडीचे तिघेही दुसरीच्या तिघांहून वर असले तरी संभाव्यता वीसांत दोन, म्हणजे ०.१० येते. पाच टक्क्यांची पातळी तेथे गाठताच येत नाही. त्यामुळे 'भेद आढळला नाही' या वाक्याला अर्थ उरत नाही. प्रत्येकी चार असतील तर हीच संभाव्यता सत्तरांत दोनपर्यंत उतरते. दुसरी मर्यादा योजनेची. ही मोजणी प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण इतरांपासून स्वतंत्र आहेत असे मानते. संपूर्ण तुकडी एकाच अध्यापकाकडे एकाच पद्धतीने शिकली असेल, तर दिसलेला भेद पद्धतीचा, अध्यापकाचा की तुकडीच्या मूळ तयारीचा, हे कोणतीही क्रमबेरीज सांगू शकत नाही. म्हणून प्रबंधात केवळ संभाव्यता न देता तुकड्यांची संख्या, दोन्ही बेरजा, वरचढ जोड्यांचे प्रमाण आणि मूळ गुण ही सर्व माहिती नोंदवावी. अकरा आकड्यांना एक ओळ पुरते, आणि वाचकाला ती मोजणी स्वतः पडताळून पाहता येते.