सर्वोची थरथर, बोर्डची घेरी

शाळा-कॉलेजांच्या विज्ञान प्रदर्शनात हात जवळ नेला की आपोआप झाकण उघडणारा कचऱ्याचा डबा हमखास असतो. त्यातले सामान थोडेच: आर्डुइनो उनो हा बोर्ड, अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि झाकण उचलायला एसजी९० ही निळी, ९ ग्रॅमची सर्वो मोटर. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत सगळे मिळते. मुले सर्वोची लाल तार बोर्डच्या `5V` पिनला, तपकिरी `GND`ला आणि नारिंगी तार ९ नंबरच्या पिनला लावतात, बोर्ड लॅपटॉपला जोडतात, आणि टेबलावर सगळे छान चालते.

झाकण बसवले की मात्र रंग बदलतो. हात पुढे केला की झाकण जेमतेम उचलले जाते, थरथरते आणि धप्पकन खाली येते. पुन्हा उचलते, पुन्हा पडते. लॅपटॉप मधूनच यूएसबी सुटल्याचा ‘टुडुंग’ आवाज करतो. मग कोणी प्रोग्राममधला `delay` वाढवतो, कोणी सेन्सर बदलतो. दोष बहुधा त्या दोन्हींत नसतो. तो लाल तारेत असतो.

सर्वोच्या डबीत एक छोटी डीसी मोटर, दातेरी चाकांची रांग आणि दांडा कुठे आहे ते सांगणारा एक पोटेन्शिओमीटर असतो. बोर्ड दर २० मिलिसेकंदांनी एक विजेचा ठोका पाठवतो. तो साधारण दीड मिलिसेकंदाचा असेल तर दांडा मध्यावर येतो. कमी-जास्त असेल तर एका किंवा दुसऱ्या बाजूला वळतो. सर्वोतले सर्किट ठोका आणि दांड्याची जागा सतत ताडून पाहते आणि फरक दिसला की मोटरला पुरवठा जोडते. हा पुरवठा एकदम पूर्ण मिळतो, आणि अडचण तिथेच सुरू होते.

फिरणारी मोटर स्वतःच थोडे उलटे व्होल्टेज निर्माण करते आणि त्यामुळे तिचा करंट आटोक्यात राहतो. थांबलेल्या मोटरमध्ये ते उलटे व्होल्टेज नसते. त्यामुळे हलायच्या पहिल्या क्षणी, किंवा झाकणाच्या वजनाने अडकून पडल्यावर, करंटला अडवायला फक्त तिच्या गुंडाळीचा रोध उरतो. एसजी९० स्वस्थ असताना ५ ते १० मिलिअँपिअर घेते, हलके फिरताना शंभर-दोनशे, आणि अडकली की ६००-७०० च्या घरात जाते. उनोला यूएसबीतून येणाऱ्या विजेच्या वाटेवर ५०० मिलिअँपिअरचा, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज असतो, आणि जुन्या धाटणीच्या यूएसबी पोर्टची मर्यादाही तेवढीच. शिवाय लांब, बारीक केबल आणि ब्रेडबोर्डचे सैल खाचे आपापला वाटा कापून घेतात. घरात मिक्सर सुरू केला की दिवा क्षणभर मंदावतो, तसे बोर्डच्या ५ व्होल्टचे होते.

दिवा मंदावला तरी चालतो. बोर्डवरच्या एटीमेगा३२८पी या चिपचे तसे नाही. १६ मेगाहर्ट्झच्या वेगाने बिनचूक चालायला तिला सुमारे ३.८ व्होल्ट तरी लागतात. व्होल्टेज २.७ च्या आसपास उतरले की तिच्यातला रखवालदार, म्हणजे ब्राउनआउट डिटेक्टर, तिला थांबवतो आणि व्होल्टेज परतल्यावर पहिल्या ओळीपासून सुरू करतो. या दोन आकड्यांमधला पट्टा फसवा. तिथे चिप बंदही पडत नाही आणि भरवशाचीही राहत नाही. आकडे चुकू शकतात, सेन्सरचे अंतर भलतेच येऊ शकते. ‘कधी चालते, कधी नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हाच पट्टा असतो.

आता डब्याचे कोडे सुटते. हात आला, सर्वोने जोर लावला, व्होल्टेज कोसळले, बोर्ड रिसेट झाला. रिसेटनंतर `setup()` पुन्हा चालते आणि त्यात झाकण बंद करण्याची आज्ञा असते, म्हणून झाकण पडते. हात तिथेच असल्याने सेन्सर पुन्हा उघडायला सांगतो आणि तोच फेरा सुरू होतो. बाहेरून बघणाऱ्याला ही मोटरची थरथर वाटते. प्रत्यक्षात दर खेपेला बोर्डलाच घेरी येत असते.

हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. साधा मल्टिमीटर इथे फसवतोच, कारण काही मिलिसेकंदांची घसरण त्याला दिसत नाही आणि तो निवांतपणे ४.७ दाखवत राहतो. त्यापेक्षा `setup()`मध्ये एक ओळ छापावी:

```cpp
void setup() {
  Serial.begin(9600);
  Serial.println("start");
  lid.write(10);
  lid.attach(9);
}
```

सीरियल मॉनिटर उघडताना उनो एकदा रिसेट होतोच, म्हणून पहिला `start` सोडून द्यावा. त्यानंतर झाकण हलताना तो शब्द पुन्हा उमटला तर निदान झाले. याच तुकड्यात `write` हे `attach`च्या आधी आहे, तेही मुद्दाम. उलट केले तर सर्वो आधी मध्याकडे झेप घेते, मग आपल्या जागी येते. सुरुवातीलाच एक फुकटचा झटका. ईएसपी३२ वापरणाऱ्यांना एवढीही खटपट नको. तो बोर्ड स्वतःच `Brownout detector was triggered` असे छापून मोकळा होतो.

`start` पुन्हा दिसत नाही, पण थरथर आहे, असेही घडते. तेव्हा सेन्सर बाजूला ठेवून फक्त `lid.write(90)` एवढाच प्रोग्राम चढवावा. तरीही सर्वो कापत असेल तर दोष पुरवठ्यात, ग्राउंडच्या तारेत किंवा खुद्द सर्वोत. शांत उभी राहिली तर पुरवठा बहुधा ठीक आहे. प्रोग्रामच तिला इकडे-तिकडे हाकतो आहे. सेन्सर १९ सेंटिमीटर, २१, पुन्हा १९ असे वाचत असेल आणि उघडण्याची सीमा नेमकी २० असेल, तर झाकण दुसरे काय करणार? २० च्या आत आले की उघडावे, पण ३० च्या पलीकडे गेल्यावरच मिटावे, असा दोन सीमांमधला फरक ठेवला की हे थांबते.

पुरवठ्याचा दोष निघाला की पहिला सल्ला मिळतो तो ‘एक कपॅसिटर लाव’ असा. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. हिशेब करून पाहा. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकट्याने ०.६ अँपिअर पुरवू लागला तर त्याचे व्होल्टेज एका व्होल्टने उतरायला दीड-पावणेदोन मिलिसेकंद पुरतात. झाकण ८० अंश उचलायला सर्वोला बिनवजनाचेच शंभराहून अधिक मिलिसेकंद लागतात, वजनासह आणखी. म्हणजे सुरुवातीचा टोकदार झटका कपॅसिटर झेलेल. वजनाखाली रेंगाळणाऱ्या मोटरला पोसणे त्याच्या आवाक्यात नाही. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी बोर्डला लावणे हा उपाय तर मी कोणालाच सुचवणार नाही. तिचा अंतर्गत रोध इतका असतो की अर्धा अँपिअर मागितल्यावर तीच खाली बसते. शिवाय गोल सॉकेटमधून आलेल्या विजेतले वरचे व्होल्ट बोर्डवरचा रेग्युलेटर उष्णतेत घालवतो. ९ चे ५ करताना अर्ध्या अँपिअरला २ वॉट उष्णता होते, आणि त्या चिमुकल्या भागाला ती फार झाली.

खरा उपाय सर्वोचे घर वेगळे मांडण्याचा. मोबाइलचा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर घ्यावा आणि यूएसबी सॉकेट बसवलेल्या छोट्या पट्टीवरून त्याच्या दोन तारा काढाव्यात. चार्जर नको असेल तर चार रिचार्जेबल पेन्सिल सेल एकापुढे एक लावून ४.८ व्होल्ट मिळतात. नवे कोरे चार अल्कलाइन सेल मात्र सहाच्या थोडे वर जातात आणि एसजी९० ची शिफारस सहापर्यंतच आहे. सर्वोची लाल तार या नव्या पुरवठ्याच्या धन टोकाला जाते, नारिंगी पूर्वीप्रमाणे बोर्डच्या ९ नंबरला. तपकिरी तार पुरवठ्याच्या ऋण टोकाला लागतेच, पण तिथूनच आणखी एक तार बोर्डच्या `GND`ला नेलीच पाहिजे. ही शेवटची तार बहुतेकजण विसरतात. ठोका किती व्होल्टचा हे ग्राउंडच्या तुलनेतच ठरते; दोन्ही ग्राउंड जोडलेले नसले तर सर्वोला ठोक्याऐवजी गोंधळ ऐकू येतो आणि ती गप्प राहते किंवा वेड्यासारखी नाचते. चार्जरची धन तार मात्र बोर्डच्या `5V`ला लावू नये. बोर्ड लॅपटॉपला जोडलेला असेल तर दोन पुरवठे एकमेकांत वीज ढकलू लागतात.

कपॅसिटर आता उपयोगी पडतो. ४७० मायक्रोफॅरडचा, १० किंवा १६ व्होल्टचा, सर्वोच्या जितका जवळ बसवता येईल तितका जवळ. पट्टा असलेला पाय ऋण बाजूला. उलटा लावला तर तो फुगतो, फुटूही शकतो. सर्वोच्या विजेच्या तारा ब्रेडबोर्डवरून न नेता जाड आणि आखूड ठेवाव्यात.

एवढे करूनही झाकण अर्ध्यावर लटकत असेल तर तराजू काढावा. ४.८ व्होल्टला एसजी९० चा जोर १.८ किलो-सेंटिमीटर, म्हणजे दांड्यापासून १२ सेंटिमीटरवर १५० ग्रॅम वजन आले की ती संपली. २४ सेंटिमीटर लांबीचे, १५० ग्रॅमचे झाकण थेट दांड्यावर टांगले तर त्याचे वजन मध्यावर, नेमके १२ सेंटिमीटरवर धरावे लागते. अशी मोटर अडकूनच राहणार, सतत ६००-७०० मिलिअँपिअर ओढणार आणि थोड्या वेळात तापून वास मारणार. तिथे पुठ्ठ्याचे हलके झाकण करावे, किंवा बिजागरीच्या दुसऱ्या बाजूला वजन देऊन तोल साधावा. त्याहून मोठी एमजी९९६आर बसवायची तर तिचा अडकलेला करंट २.५ अँपिअरपर्यंत जातो, तेव्हा २ अँपिअरचा चार्जरही पुरत नाही.

राहिली ती झाकण मिटल्यावरची बारीक गुणगुण. शून्य अंश मागितला की दांडा पुष्कळदा आतल्या अडसरावर टेकतो आणि मोटर भिंतीला रेटत राहते. म्हणून वरच्या तुकड्यात ० ऐवजी १० आहे. झाकण मिटून अर्धा सेकंद झाला की `lid.detach()` द्यावे. ठोके थांबतात, मोटर सैल पडते, आणि झाकण स्वतःच्या वजनाने मिटून राहते. उघड्या झाकणावर मात्र हे करू नये, कारण धरून ठेवणारे तेव्हा कोणी उरत नाही.