मुलाखतीत अर्धे राहिलेले उत्तर

चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखत चालू आहे, असे समजा. उमेदवार लातूरकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. मराठीतली अर्धी मुलाखत छान होते. मग वरिष्ठ इंग्रजीत विचारतात, "ग्राहकाने परत पाठवलेल्या मालातला दोष कसा शोधलात?" ते काम तिनेच केलेले असते, पण तोंडून "टूल चेंज, ऑफसेट प्रॉब्लेम, देन ओके" एवढेच निघते.

घरी आल्यावर बहुतेक जण आभाराचा साचेबंद ईमेल पाठवतात, नाहीतर इंग्रजीबद्दल माफी मागतात. माफी मला अजिबात पटत नाही. वाचणाऱ्याला त्यातून नवे काहीच कळत नाही, उलट उणीव तेवढी पुन्हा आठवते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अर्ध्या उत्तराचेच ईमेल लिहावे, इंग्रजीत, दहाबारा ओळींचे. वरिष्ठांचा पत्ता नसेल तर एचआरला पाठवून पुढे देण्याची विनंती करावी.

आभाराची एक ओळ, आणि लगेच मुद्दा: "तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून अपुरे राहिले, ते इथे देते. 200 नगांपैकी 14 नगांची भोके मापापेक्षा मोठी होती. आधी गेज तपासले. ते बरोबर होते. मग नगांची वेळ पाहिली. चौदाही नग इन्सर्ट बदलल्यानंतरचे निघाले. नव्या इन्सर्टचा ऑफसेट मशीनमध्ये भरायचा राहून गेला होता. तेव्हापासून इन्सर्ट बदलला की पहिला नग मोजल्याशिवाय पुढचे काम सुरू करत नाही."

हे परिणामकारक ठरते, कारण या नोकरीत इंग्रजी बरेचसे लिहावेच लागते. ग्राहकाची तक्रार आली की 'एट-डी' नावाचा अहवाल जातो: दोष काय, तात्पुरते काय केले, मूळ कारण कोणते, तो पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलले. तिच्या ईमेलचा क्रम जवळपास तोच आहे. असा अहवाल ही मुलगी लिहू शकेल, हे वरिष्ठांना वाचतानाच दिसते. दिवसभर परदेशी ग्राहकाशी फोनवर बोलायची जागा असेल, तर मात्र या ईमेलने फारसे साधत नाही. तिथे बोलणेच तपासतात, आणि ते रास्तही आहे.

घात होतो तो उसन्या भाषेने. इंग्रजी चांगले असलेल्या मावसभावाकडून भारदस्त मजकूर लिहून घेतला, की पुढच्या फेरीत "त्या 14 नगांचे पुन्हा सांगा" म्हटल्यावर बोलणे आणि लिहिणे यांतली तफावत लगेच उघडी पडते. व्याकरण कुणाकडून तपासून घ्यायला हरकत नाही, पण वाक्ये आपलीच हवीत. पाठवण्यापूर्वी ईमेल दोनदा मोठ्याने वाचावे. जिथे जीभ अडखळेल, ते वाक्य मोडून त्याची दोन करावीत.